एकोणचाळीसनंतर काय येतं?

"विषय : शैक्षणिक सहलीवरून परतण्यास दोन तास दहा मिनिटे विलंब झाल्याबाबत व विद्यार्थी मोजणीत आढळलेल्या तफावतीबाबत लेखी खुलासा सादर करणेबाबत."

एका वाक्यात तीन वेळा 'बाबत'. हा कागद काल मधल्या सुट्टीत शिपाईमामांनी माझ्या डब्याशेजारी आणून ठेवला, पोच म्हणून माझी सही घेतली आणि जाता जाता "मॅडम, आता नीट मोजून लिहा," असं म्हणाले. मामा सहलीला होते. सगळं प्रकरण त्यांनी गाडीच्या केबिनमधून पाहिलेलं आहे. त्यांना असं बोलायचा अधिकार आहे, हेच जास्त लागलं.

तर प्रकरण असं. सातवीची सहल. शिवनेरी, लेण्याद्री आणि वेळ उरला तर ओझर. यादीवर 41 मुलं, आम्ही मोठी माणसं चार : मी, गणिताचे सर, पीटीचे सर आणि मामा. एसटीची लाल गाडी, काचेवर 'नैमित्तिक करार' अशी पाटी. पहाटे साडेपाचला निघालो, सातच्या आत पाच उलट्या झाल्या, शिवनेरीचे सातही दरवाजे पार करून शिवाई देवीला आणि जन्मस्थानाला जाऊन आलो, डबे खाल्ले. इथपर्यंत मी तीनदा मुलं मोजली आणि तिन्ही वेळा 41 भरली. हे मी खुलाशात आवर्जून लिहिणार आहे. मला मोजता येतं.

बिघडलं ते लेण्याद्रीला. खरं तर पायऱ्यांवरच मला शंका यायला हवी होती. लेण्याद्रीच्या पायऱ्या 283 आहेत असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे. मी मुलांना चढताना मोजायला सांगितल्या. वर पोचल्यावर आकडे आले : 271, 290, 306, आणि एका मुलीने शांतपणे सांगितलं, "एकशे दहा, मग मी सोडून दिलं." पायरी दगडाची असते. ती जागची हलत नाही, पाणी मागत नाही, शेजारच्या पायरीची वेणी ओढत नाही. तरी चाळीस जणांत दोघांचा आकडा जुळेना. ही माझ्यासाठी सूचना होती, पण त्या वेळी मी एका माकडाशी वाटाघाटी करत होते. त्याच्याकडे आमच्या मुलीचा चष्मा होता आणि आमच्याकडे वेफर्सचं पाकीट.

वाटाघाटी फिसकटल्या. म्हणजे चष्मा मिळाला, पण पाकीट फुटलं, आणखी आठ-दहा माकडं आली, आणि आमची मुलं, दुसऱ्या एका शाळेची मुलं, एक नवविवाहित जोडपं असे सगळे किंचाळत एकत्र खाली पळाले. गणवेश आमचाही पांढरा शर्ट आणि निळी पँट, त्यांचाही पांढरा शर्ट आणि निळी पँट. निम्म्या महाराष्ट्राचा गणवेश तोच आहे. खाली वाहनतळावर दोन लाल गाड्या शेजारी शेजारी उभ्या. मी शेवटची उतरले तेव्हा शेजारची गाडी हॉर्न वाजवत निघाली होती आणि आमची मुलं आमच्या गाडीत बसून अंताक्षरी खेळत होती. चार वाजून चाळीस मिनिटं. मला वाटलं, चला, मोजू या आणि निघू या.

चाळीस.

एक कमी. सहलीत एक कमी भरलं की पोटात काय होतं ते ज्यांनी दुसऱ्यांची मुलं बाहेर नेली आहेत त्यांनाच कळेल. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर समुद्र, धरण, विहीर असलेली ठिकाणं आमच्या शाळेच्या यादीतून गेली आणि पालकांची संमतिपत्रं फाईलभर झाली. डोंगरावर नेलं म्हणून धोका टळतो असं नाही, पण कागदावर टळतो. ते चाळीस भरलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती 283 पायऱ्यांची वाट आणि कड्याची कडा, दोन्ही आले. विनोद वगैरे नंतर सुचलेला आहे.

पुन्हा मोजलं. बेचाळीस.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण खुलाशात ती लिहिता येणार नाही. बेचाळीस कसे भरले हे मला त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कळलं, आणि दोष माझा नाही, मराठी भाषेचा आहे. मी सरळ मोजत चालले होते. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, एवढ्यात एकाने विचारलं, "मॅडम, ओझरला पोहायला मिळणार का?" मी म्हटलं, "नाही." आणि वळून पुढे मोजायला लागले. शेवटचा आकडा कोणता होता? कानात काय उरलेलं? '...चाळीस'. झालं, चाळीस झाले. पुढचा एक्केचाळीस. 'एकोण' नावाचं जे उणं चिमुकलं शेपूट पुढे लावलेलं असतं ते प्रश्नाच्या आवाजात गळून पडलं आणि एक अख्खा आकडा मी उडी मारून ओलांडला. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास : हे आकडे म्हणजे जिन्यातल्या तुटलेल्या पायऱ्या आहेत. आपण अजून मुक्कामाला पोचलेलो नसतो, पण नाव मात्र मुक्कामाचं घेतो.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी संख्यावाचनाची नवी पद्धत आली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राबरोबर आमची स्टाफरूमही हसली होती. सर्वांत मोठ्याने मी. मराठीची वाट लावली, असं मी म्हटल्याचं साक्षीदार सांगतील. आज मी जाहीरपणे शब्द मागे घेते. 'तीस नऊ' म्हटलं असतं तर पुढे 'चाळीस'च आलं असतं. पोहायला मिळणार का हे दहा वेळा विचारलं असतं तरी.

पण हे रात्रीचं शहाणपण. वाहनतळावर माझ्याकडे फक्त दोन आकडे होते, एक कमी आणि एक जास्त, आणि दोन्ही माझेच. मी यादी काढली आणि नावाने हजेरी घेतली. एक ते सोळा हजर. सतरा? उत्तर नाही. सतरा? त्याचा मित्र म्हणाला, "मॅडम, तो काय, मागे झोपलाय." मागच्या लांब बाकावर दप्तरांच्या ढिगात एक मुलगा खरंच आडवा होता, तोंडावर मफलर, अंगावर कोणाचं तरी जर्किन. त्याला उलटीची गोळी दिलेली होती, म्हणजे सतराला दिलेली होती, सकाळी मीच दिली होती. झोपू दे बिचाऱ्याला. पहिल्या वेळी ढिगाखालचा हाच राहिला असणार, म्हणून चाळीस. ठीक. पुढे अठरा ते एक्केचाळीस हजर. नावाने सगळे आहेत. मग डोकी का जुळत नाहीत?

गणिताचे सर म्हणाले, "डोकी मोजूच नका. जोड्या करा. विषम संख्या आहे, एक उरायला हवा. उरला की संपलं." गणिताच्या सरांचं सगळं असं संपतं. मुलांना खाली उतरवून दोघादोघांच्या ओळी केल्या. एकही उरला नाही. सरांनी ओळी मोजल्या, एकोणीस. दोनने गुणलं, अडतीस. झोपलेला एक धरून एकोणचाळीस. सर पांढरे पडले. आता तर दोन कमी झाले होते, आणि तेही गणिताने. मग मामांनी केबिनमधून ओरडून सांगितलं की त्या दोन ओळींत तीन-तीन आहेत. आमच्या वर्गात मुलींची दोन त्रिकुटं आहेत. 'जोडीने उभ्या राहा' असं म्हटल्यावर ती फुटत नाहीत. मुख्याध्यापकांनी सांगूनही फुटलेली नाहीत. सरांनी गणितात मैत्री धरली नव्हती.

पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली आणि प्रत्येकाने आपापला नंबर ओरडायचा असं फर्मान काढलं. शेवटचा पोरगा ओरडला, "चव्वेचाळीस!" मागच्या चौघांना ओरडायची संधी एकदाच घेणं पटलं नव्हतं.

आणि या वेळी ते गृहस्थ आले.

त्यांच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण दोन आठवडे मी दुसऱ्या कशाचा विचारच केलेला नाही. वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला ज्येष्ठ नागरिकांची एक छोटी बस उभी होती. बसची मंडळी डोलीतून वर गेलेली, आणि हे गुडघ्यांमुळे खालीच राहिलेले. डोक्यावर माकडटोपी, हातात काठी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. उसाच्या रसाचा ग्लास संपवत ते आमची चारही मोजदाद पाहत होते. चव्वेचाळीस ऐकल्यावर त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, तुमचं नक्की काय शॉर्ट आहे?"

मी म्हटलं, "काही नाही काका, मुलं मोजतोय."

"ते दिसतंय. चाळीस मिनिटं बघतोय. मी बँकेत कॅशियर होतो. बत्तीस वर्षं. एक दिवस, एक रुपया शॉर्ट नाही." मग थोडं थांबून, "एकदा पाच रुपये एक्सेस होते. तेसुद्धा साहेबांचेच निघाले."

मी म्हटलं, "नोटा आणि मुलं यांत फरक असतो काका."

"काही फरक नाही. तुम्ही मोजताना बोलता. पहिली चूक. कॅशियर बोलत नाही. समोर मॅनेजर मेला तरी पाकीट पूर्ण झाल्याशिवाय मान वर करायची नाही. पाकीट म्हणजे शंभर नोटा. दहा पाकिटांचं बंडल. दुसरी चूक, मोजलेलं आणि न मोजलेलं तुम्ही एकाच टेबलावर ठेवता. मोजलेली नोट डावीकडून उजवीकडे गेली की परत डावीकडे येता कामा नये. तुमच्या नोटा परत येतायत."

हे दुर्दैवाने खरं होतं. आमच्या नोटा परत येत होत्याच, शिवाय एकमेकांना ढकलत होत्या.

"तिसरी चूक," काका म्हणाले, "दोघांनी मोजलं तर दोघांनी वेगळं मोजायचं आणि शेवटी आकडा सांगायचा. तुम्ही आधी आकडा सांगता आणि मग दुसरा त्या आकड्याकडे बघत बघत मोजतो. असा कॅश टॅली होत नाही, असा फक्त समाधानाचा होतो." मग आवाज खाली आणून, "तुमच्याकडे तिकिटांचा हिशोब असेल ना? किती तिकिटं फाडली?"

हा प्रश्न चांगला होता. पण लेण्याद्री पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सरकारने आमची मुलं फुकट सोडली आणि न मोजता सोडली. खरं तर हेच सरकार एकदा मुलं मोजायला बसलं होतं. 2011 च्या ऑक्टोबरात तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. पटावरची मुलं वर्गात खरंच आहेत का हे पाहायला पथकं आली आणि एक मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून त्यांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. आम्हाला तेव्हा ते फार अपमानास्पद वाटलं होतं. सातवीच्या 41 बोटांना लावायला त्या दिवशी एक बाटली शाई मिळाली असती, तर मी अपमान आनंदाने गिळला असता.

"तिकिटं नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे व्हाउचरच नाही!" काकांना खरोखर वाईट वाटलं. "मग मॅडम, फिजिकल व्हेरिफिकेशन. सगळा माल खाली घ्या. गाडीला दार एकच. मी दारात उभा राहतो. एकेक आत सोडा. कोणी बोलणार नाही, तुम्हीसुद्धा नाही."

आता कुणी म्हणेल, अनोळखी माणसाला कशाला मोजू दिलं? मला तुम्हीच सांगा, चाळीस, बेचाळीस, एकोणचाळीस आणि चव्वेचाळीस हातात असलेल्या माणसाने कोणाला नाही म्हणायचं? सगळा माल खाली घेतला. झोपलेल्यालाही उठवलं, तो मफलरसकट उतरला, उभ्या उभ्या पीटीच्या सरांवर टेकून झोपला. काकांनी काठी मामांकडे दिली, दारात उभे राहिले, उजव्या हाताचा अंगठा जिभेला लावला आणि पहिल्या मुलाच्या डोक्यावर ठेवून सरकवला. एक. पुन्हा जीभ. दोन. पुन्हा जीभ. तीन.

मुलं रांगेत खुसखुसत होती. मुली केस वाचवायला वाकून जात होत्या. पण खरं सांगते, त्या माणसाचा हात बघण्यासारखा होता. नजर समोर, ओठ हलत नाहीत, अंगठा जिभेवरून डोक्यावर, डोक्यावरून जिभेवर, एका लयीत. बत्तीस वर्षं शंभराच्या पाकिटात हरवून बसलेल्या माणसाला पुन्हा पाकीट मिळालं होतं. मी रांगेच्या शेवटी उभी होते. शेवटचं मूल चढलं, त्याच्यामागे मी पायरीवर पाय ठेवला, आणि माझ्या डोक्यावर ओला अंगठा सरकला.

"त्रेचाळीस," काका म्हणाले.

माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. पाठीला सॅक होती. डोक्याला सहलीची टोपी होती. हे सगळं मला मान्य आहे. तरीसुद्धा मी बेचाळीस वर्षांची बाई आहे, माझी एकोणीस वर्षांची नोकरी झाली आहे आणि त्या क्षणापर्यंत ते गृहस्थ मला 'मॅडम' म्हणत होते.

वेदान्तात एक गोष्ट सांगतात, दहा जण नदी पार करतात आणि पलीकडे गेल्यावर मोजतात तर नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला मोजत नाही. रडारड होते. मग एक वाटसरू येऊन सांगतो, 'दशमस्त्वमसि', अरे, दहावा तूच. केवढा साक्षात्कार. आमच्याकडे वाटसरू आला तो बत्तीस वर्षांच्या कॅशचा, आणि त्याने मला न विचारता मोजून टाकलं. मला कुठलाही साक्षात्कार झाला नाही. मी रुमालाने डोकं पुसलं.

"मला वजा करा," मी म्हटलं.

"कशाला?" काका म्हणाले.

"मी शिक्षिका आहे."

काकांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "अच्छा. म्हणजे बेचाळीस. एक एक्सेस." सॉरी नाही. काही नाही. एक्सेस.

तो एक्सेस लगेच सापडला. एका पोराचा चेंडू खाली राहिला होता म्हणून तो चढल्यावर मागच्या 'संकटकालीन मार्ग' लिहिलेल्या दारातून उतरून पुन्हा रांगेत लागला होता. त्याच्या डोक्यावर दोन अंगठे झाले होते. काकांना हे कळल्यावर ते गंभीर झाले. "हे फार वाईट. चलनात आलेली नोट परत काउंटरला." मग मागचं दार मामांनी धरलं, खिडक्या बंद केल्या, गाडीतला प्रत्येक जण आपापल्या जागी, हात मांडीवर, तोंड बंद. काका बाकाबाकावरून फिरले. अंगठा, डोकं, अंगठा, डोकं. मागच्या बाकावर मफलरवर अंगठा. आम्ही तिघे श्वास रोखून.

"एक्केचाळीस."

गाडीत टाळ्या पडल्या. मी रडले असते, पण वेळ नव्हता. ड्रायव्हरने तीनदा घड्याळ दाखवलं होतं. काकांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. मागे कुठल्यातरी औषधांची यादी होती. पुढच्या बाजूला त्यांनी तारीख घातली, वेळ घातली, 'विद्यार्थी 41, प्रत्यक्ष मोजणी' असं लिहिलं, खाली वळणदार सही ठोकली आणि म्हणाले, "पाकिटावर चिठ्ठी असावी. पूर्वी आम्ही पिनही मारायचो."

सहा वाजता निघालो. जुन्नर मागे टाकून नारायणगावच्या रस्त्याला लागलो. अंधार पडला होता, मुलं पेंगत होती, मी ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवत होते. मागच्या बाकावरून मफलर बाजूला करत एक मुलगा पुढे आला, डोळे चोळत माझ्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या मॅडम कुठंयत?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो सतरा नव्हता. तो कोणताच नव्हता.

मला वाटतं एवढी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. मग एकदम सगळं जुळलं. माकडं, दोन लाल गाड्या, निळ्या पँटी. आमचा एक त्यांच्या गाडीत, त्यांचा एक आमच्या गाडीत. एक शॉर्ट, एक एक्सेस, बेरीज चोख. हिशोबात याला कॉम्पेन्सेटिंग एरर म्हणतात, असं गणिताच्या सरांनी मला फार हळू आवाजात सांगितलं. दोन चुका एकमेकींना खातात, ताळेबंद जुळतो आणि चूक दिसत नाही. मी त्यांना म्हटलं, सर, आत्ता नको. काकांचं मोजणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक होतं. त्यांनी शंभर टक्के बरोबर एक्केचाळीस मोजले होते. नोट दुसऱ्याची होती. आणि हजेरी? ती तर मीच घेतली होती, नावाने. फक्त सतराव्या नावाला मुलाऐवजी मफलरने उत्तर दिलं, आणि मी त्याचं तोंड पाहिलं नाही. मान खाली घालून यादीवर टिचकी मारली. एवढंच चुकलं. बाकी आम्ही दीड तास जे केलं, त्यात ती टिचकी दुरुस्त होण्याची कुठेच सोय नव्हती, कारण नंतरचा सगळा वेळ आम्ही आकडा शोधत होतो, मुलगा नाही.

मुलाच्या गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर शाळेचा नंबर. शाळेने त्यांच्या मॅडमचा नंबर दिला. त्यांची गाडी नारायणगावला भेळ खायला थांबली होती. फोनवर त्या म्हणाल्या, "अहो, काहीतरी गैरसमज आहे. आमची अडतीस आहेत, अडतीसच आलीत. मी लेण्याद्रीला एकदाच मोजली, पहिल्या फटक्यात जुळली."

पहिल्या फटक्यात. मला तेच झोंबलं. आम्ही सहा वेळा मोजून, जोड्या लावून, शिट्ट्या मारून, डोक्याला थुंकी लावून घेऊन शेवटी ज्या चुकीवर पोचलो, तिथे ती बाई एकदा मोजून पोचली होती आणि दीड तास आधी भेळही खात होती.

नारायणगावच्या स्टँडजवळ दोन्ही गाड्या समोरासमोर लागल्या आणि आम्ही मुलांची अदलाबदल केली. दोन्हीकडच्या मॅडम एकमेकींकडे न बघता. सतरा उतरला तेव्हा त्याच्या हातात भेळेचा कागद होता आणि तो अजिबात घाबरलेला नव्हता. मी त्याला धरलं, आधी पाठीत एक ठेवून दिली, मग जवळ घेतलं, मग विचारलं, "अरे, गाडी आपली नाही, माणसं आपली नाहीत, बोलायचं नाही का काही?"

तो म्हणाला, "वाटलं होतं मॅडम. पण त्यांच्या मॅडमनी डोक्यावर हात ठेवून मला मोजलं. मग म्हटलं, बरोबरच असेल."

दोन तास दहा मिनिटं उशिरा शाळेच्या फाटकात पोचलो. पालक उभे होते. एका वडिलांनी मुलाला घेता घेता दुसऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "चाळीस पोरं मोजायला शिकवतात तरी का यांना?" एक्केचाळीस, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी सतराच्या भेळेचा फोटो टाकला. खाली बत्तीस हसरे चेहरे. ते मात्र मी नीट मोजले.

त्यांच्या शाळेत काय झालं याची मी चौकशी केली. काही झालं नाही. तिथे उशीर झाला नव्हता, मोजणीत तफावत आढळली नव्हती. तिथे कोणाला खुलासा मागितलेला नाही.

माझ्या कागदावर मात्र खाली छापील तक्ता आहे. 'परतीपूर्वी विद्यार्थ्यांची मोजणी केली होती काय? होय / नाही.' 'होय असल्यास किती वेळा?' आणि शेवटी 'तफावतीचे कारण (थोडक्यात)'. त्यासाठी अडीच ओळी जागा सोडली आहे. मी पेन्सिलने 'माकड' एवढं लिहून ठेवलं आहे, आणि काकांची चिठ्ठी टाचणीने मागे जोडली आहे.